अभ्यासाचे पार्श्वसंगीत

वाचन, पाठांतर, लेखन किंवा आकडेमोड अशी एकाग्रतेची कामे करताना मागे लावून ठेवलेले संगीत म्हणजे अभ्यासाचे पार्श्वसंगीत. ते ऐकायला म्हणून लावलेले नसते. लक्ष पुस्तकात असावे आणि संगीताने फक्त सोबत करावी, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. पुण्यातल्या पेठांमधल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली कानात इअरफोन घालून बसलेली दिसतात. शेजारच्याची खुर्ची सरकल्याचा, कुजबुजीचा, दारात कोणी फोनवर बोलत असल्याचा आवाज बाहेर राहावा, हे त्याचे मुख्य कारण. पण आवाज अडवायला अनेकदा आवडती गाणीच लावली जातात, आणि गाण्यातले शब्द शेजारच्या बोलण्याइतकाच अडथळा करू शकतात. म्हणून पार्श्वसंगीत निवडताना राग, वाद्य किंवा लय यांच्या आधी शब्दांचा विचार करावा लागतो.

शब्द का नडतात ते मोबाईलवर आलेल्या सहा आकडी ओटीपीवरून कळते. संदेश वाचला की आपण ते आकडे मनातल्या मनात पुटपुटत राहतो आणि टाइप होईपर्यंत ते पुटपुटणे सोडत नाही. तेवढ्यात कोणी ‘चाळीस रुपये सुटे आहेत का?’ असे विचारले, की आकडे विस्कटतात आणि संदेश पुन्हा उघडावा लागतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच यांनी १९७४ मध्ये कार्यकारी स्मृतीची, म्हणजे हातातल्या कामापुरते थोडा वेळ लक्षात ठेवणाऱ्या स्मृतीची, जी मांडणी केली, तिच्यात या पुटपुटण्याला स्वतंत्र जागा आहे. ऐकलेल्या शब्दांचा ठसा मनात जेमतेम दोनएक सेकंद टिकतो. तो विरायच्या आत पुन्हा उच्चारला तरच शाबूत राहतो. वाचलेला शब्दही या जागेत उच्चाराच्या रूपानेच शिरतो. मात्र डोळ्यांनी वाचलेल्याचा उच्चार आपल्याला करावा लागतो, तर कानावर पडलेला शब्द काही न करता थेट आत येतो. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत.

याची प्रयोगातून पहिली ठळक नोंद १९७६ मध्ये कॉल आणि वेल्श या अमेरिकी संशोधकांनी केली. विद्यार्थ्यांना अक्षरांची यादी दाखवली जाई आणि थोड्या वेळाने ती त्याच क्रमाने लिहायला सांगत. मागे जर्मन भाषेतला मजकूर वाचला जात होता. विद्यार्थ्यांना जर्मन येत नव्हते, त्या आवाजाकडे लक्ष देऊ नका असेही सांगितले होते, तरीही शांततेपेक्षा चुका वाढल्या. पुढे १९८९ मध्ये पिअर सालामे आणि बॅडली यांनी हाच प्रयोग संगीतावर केला. गायलेल्या संगीताने स्मरण जास्त बिघडले, नुसत्या वाद्यसंगीताने कमी.

परकी भाषा कळत नसताना ती नडते कशी, याचे उत्तर कार्डिफ विद्यापीठातल्या डिलन जोन्स आणि सहकाऱ्यांच्या कामातून मिळाले. एकच अक्षर पुन्हा पुन्हा ऐकवले तर फारसे बिघडत नाही. बदलती अक्षरे ऐकवली की बिघडते. चढ-उतार करणाऱ्या निव्वळ स्वरांनीही थोडे बिघडते. म्हणजे मेंदू नको असलेल्या आवाजातले बदलसुद्धा एकामागून एक क्रमाने नोंदवत राहतो, आणि आपण पाठ करत असलेला क्रम त्या क्रमात गुंततो. बोलणे आणि गाणे यांत आवाज सतत बदलत असतो, म्हणून ते सर्वांत त्रासदायक. आवाजाची पातळी मात्र इथे फारशी महत्त्वाची नसते. साधारण बोलण्याच्या टप्प्यात गाणे थोडे लहान केले किंवा मोठे केले तरी परिणाम जवळपास तेवढाच राहतो. ‘हळू लावलंय, त्याने काय होतंय’ हा समज म्हणूनच फसवा आहे.

वाचून अर्थ लावण्याच्या कामात आणखी एक अडचण येते. १९८८ मध्ये अमेरिकेत मार्टिन, वोगाल्टर आणि फोर्लानो यांनी उताऱ्याच्या आकलनावर प्रयोग केले. तिथे कळणारी भाषा न कळणाऱ्या भाषेपेक्षा जास्त नडली. पाठांतर बिघडवायला नुसता बदलता आवाज पुरतो. आकलनात मात्र ऐकू येणारा अर्थच वाचत असलेल्या अर्थाच्या आड येतो. मराठी वाचकाला याचा सरळ उपयोग आहे. कोरियन किंवा तमिळ गाणे, ती भाषा येत नसेल तर, राज्यशास्त्राचा धडा वाचताना मराठी-हिंदी गाण्यापेक्षा कमी त्रास देईल. पण कलमांचे क्रमांक पाठ करताना तेही नकोच.

एक उदाहरण जवळून पाहू. विद्यार्थिनी संविधानाचे कलम २०० वाचते आहे. विधानमंडळाने मंजूर केलेले विधेयक राज्यपालांपुढे येते. ते संमती देऊ शकतात, संमती रोखून ठेवू शकतात, धनविधेयक नसेल तर फेरविचारासाठी परत पाठवू शकतात, किंवा राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवू शकतात. ‘रोखून ठेवणे’ आणि ‘राखून ठेवणे’ हे शब्द दिसायला आणि ऐकायला इतके जवळचे आहेत की दोन्ही एकाच वेळी मनात उच्चारून तोलावे लागतात. त्याच क्षणी कानात गाण्याचे ध्रुवपद आले, तर डोळे ओळीवरून पुढे जातात, पण तोललेला फरक निसटतो. ती तेच वाक्य पुन्हा वाचते, आणि बऱ्याचदा दुसऱ्यांदा वाचतो आहोत हे तिच्या लक्षातही येत नाही. अडथळा ओळखण्याची माझ्या मते हीच सर्वांत खात्रीची खूण: पान उलटले आहे, पण मागच्या परिच्छेदातले पर्याय पुस्तक मिटून सांगता येत नाहीत. तासाभराने तीच विद्यार्थिनी टाचणांना रंग देऊ लागली, नकाशातल्या नद्या निळ्या करू लागली किंवा सुट्या पानांना भोके पाडून फाइल लावू लागली, तर तेच गाणे चालते. त्या कामाला भाषा लागत नाही आणि कंटाळा हाच मोठा शत्रू असतो.

कंटाळवाण्या कामात संगीत उपयोगी पडते हे अनुभवाने फार पूर्वीपासून माहीत आहे. जात्यावर बसलेल्या बाया ओव्या म्हणत; हात गुंतलेले असत, भाषा मोकळी असे. बीबीसीने १९४० मध्ये कारखान्यांतल्या कामगारांसाठी सुरू केलेला ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ हा कार्यक्रम १९६७ पर्यंत चालला, तोही अशाच एकसुरी हातकामासाठी. अडचण होते ती हातकामाची सवय वाचनाला लावल्यावर.

‘मला सवय आहे’ आणि ‘आवडीचं गाणं असेल तर उलट मन लागतं’ ही दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात, आणि ती मनापासून दिलेली असतात. निक परहॅम आणि जोआन विझर्ड यांनी २०११ मध्ये ब्रिटनमध्ये हे तपासले. आवडते संगीत आणि नावडते कर्कश मेटल संगीत, दोन्हींनी क्रमाने आठवण्याचे काम सारखेच बिघडवले. २०१४ च्या वाचनाकलनाच्या प्रयोगातही शब्द असलेले संगीत, आवडते असो वा नावडते, शांततेपेक्षा आणि शब्दरहित संगीतापेक्षा वाईट ठरले. आवडीचे गाणे मूड सुधारते हे खरे, पण सुधारलेला मूड त्या गाण्याने घेतलेली जागा परत करत नाही.

शब्द काढून टाकले की काम संपले असे मात्र नाही. ओळखीच्या भावगीताची किंवा सिनेगीताची धून बासरीवर किंवा गिटारवर लावली, तर ओठ आपोआप हलू लागतात. २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात ओळखीच्या गाण्यांचे काही तुकडे शांततेने बदलले होते, त्या शांततेतही ऐकणाऱ्यांच्या मेंदूचा श्रवणाशी संबंधित भाग काम करत राहिला. म्हणून ‘इन्स्ट्रुमेंटल’ असे लिहिलेली सिनेसंगीताची यादी वाचनाला योग्य नाही, असे मी म्हणेन. धून जितकी अनोळखी, तितकी ती गप्प राहते.

हिंदुस्थानी वाद्यसंगीतातही हाच विवेक लागतो. संतूर किंवा सरोदवरची सावकाश आलापी मागे राहते. द्रुत गतीत तबला आला, एकच तुकडा तीनदा वाजवणारी तिहाई सुरू झाली, की जाणत्याचा कान समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, वाट पाहू लागतो आणि सम येईपर्यंत पेन थांबते. दोन वादकांमधला सवाल-जवाब तर लक्ष वेधण्यासाठीच असतो. शास्त्रीय संगीत शिकलेल्यांनी अभ्यासाला आपल्या रियाजातला राग लावू नये. ते प्रत्येक जागा मनात तपासत बसतात. तराण्यात अर्थाचे शब्द नसले तरी ‘तनन’ ‘देरेना’ असे बदलते बोल असतात, त्यामुळे पाठांतराला तोही वाद्यांइतका निरुपद्रवी नाही.

सर्वांत कमी बदलणारा आपल्या ओळखीचा आवाज तानपुऱ्याचा. पंचम, दोन जोडीच्या तारा आणि खर्ज एवढाच त्याचा फेरा. तारा टेकतात त्या घोडीच्या जवारीमुळे नाद भरलेला राहतो, पण त्यात पुढे काय येईल याची उत्सुकता नसते. बदलत्या आवाजाच्या वरच्या तर्काने पाहिले तर एकाग्र वाचनासाठी तो गाण्यापेक्षा कितीतरी सरस. फोनवर तानपुऱ्याची ॲप्स मिळतात. सूर स्वतःच्या बोलण्याच्या पट्टीजवळ ठेवावा म्हणजे टोचत नाही. पावसाचा किंवा पंख्याचा सलग आवाजही याच जातीचा. अनेक माणसांची मिसळलेली कुजबुज एकट्या माणसाच्या स्पष्ट फोनवरल्या बोलण्यापेक्षा कमी नडते, कारण आवाज एकमेकांत विरून बदल बोथट होतात. गर्दीच्या उपाहारगृहात लिहिता येते आणि शांत अभ्यासिकेत एकाच फोनने हैराण व्हायला होते, ते यामुळेच.

आपल्याला काय नडते हे घरी तासाभरात तपासता येते. एखाद्याला आठ आकड्यांच्या वीस याद्या करून द्यायला सांगावे, एका यादीत आकडा दोनदा येऊ नये. सेकंदाला एक या गतीने आकडे पाहायचे, दहा सेकंद थांबायचे, मग क्रमाने लिहायचे. दहा याद्या शांततेत, दहा नेहमीचे गाणे लावून, आणि दोन्ही आलटूनपालटून, म्हणजे थकव्याचा दोष एकाच बाजूला जात नाही. जो आकडा आपल्याच जागी आला त्यालाच गुण. यादी ४ ९ १ ७ ३ ८ २ ६ असेल आणि लिहिले ४ ९ १ ३ ७ ८ २ ६, तर आठपैकी सहा. गाण्यातली चूक बहुधा अशीच दिसते: आकडे सगळे असतात, जागा बदललेल्या असतात. दोन्ही बाजूंना ८० पैकी गुण काढावेत. दोनचार गुणांच्या फरकावरून काही ठरवू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा करावे. ही चाचणी पाठांतराचे सांगते, आकलनाचे नाही. त्यासाठी सारख्या अवघडपणाचे दोन उतारे घेऊन प्रत्येकावरचे प्रश्न पुस्तक मिटून सोडवावे लागतात.

आवडती गाणी अभ्यासाआधी ऐकायला हरकत नाही. मोझार्टचे संगीत ऐकून चाचणीतले गुण वाढतात असे सांगणारा, १९९३ मध्ये गाजलेला तथाकथित ‘मोझार्ट परिणाम’ मुळात कामाआधी ऐकलेल्या संगीताचाच होता, आणि तो दहा-पंधरा मिनिटेच टिकला. पुढच्या अभ्यासांनी त्याचे श्रेय मोझार्टला न देता तरतरी आणि प्रसन्नता यांना दिले. विश्रांतीत गाणे लावले तर ते शेवटापर्यंत ऐकावे. मध्येच बंद केलेली ओळ पुस्तक उघडल्यावरही डोक्यात वाजत राहू शकते, आणि तिचेही शब्द असतात.