‘१२० भागिले २०’चा हिशोब

“बॅकलॉग १२० पॉइंटचा, व्हेलॉसिटी २०, म्हणजे सहा स्प्रिंटमध्ये रिलीज नक्की ना?”

नक्की नाही. बॅकलॉग म्हणजे उरलेलं काम, स्प्रिंट म्हणजे ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा, आणि व्हेलॉसिटी म्हणजे टीम एका स्प्रिंटमध्ये सरासरी किती पॉइंटचं काम संपवते तो आकडा. ती २० आली कुठून ते बघा: मागचे तीन स्प्रिंट १८, २६ आणि १६ पॉइंटचे होते. पुढचे सगळे २६ चे गेले तर पाच स्प्रिंट पुरतील, १६ चे गेले तर आठ लागतील. म्हणून ‘पाच ते आठ’ असंच सांगायचं. परीक्षेत एकच आकडा मागतात (मागतातच!), तेव्हाही ही कक्षा सोबत लिहा.

शिवाय १२० हा आकडाही जागेवर राहत नाही. टीमने २० पॉइंट संपवले आणि त्याच स्प्रिंटमध्ये १५ नवे आले, तर उरलेलं काम दाखवणाऱ्या आलेखाची, म्हणजे रिलीज बर्नडाउनची, रेघ पाचनेच उतरते. पाहणाऱ्याला टीम ढिली पडल्यासारखी वाटते. खरं तर काम वाढलेलं असतं.