रिसेट दाबलं आणि मोटर सुटली

मराठवाड्यात विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर न पाहिलेला माणूस विरळाच. हिरवं बटण दाबून बोट उचललं तरी मोटर चालू राहते, लाल दाबलं की थांबते. लाईट गेली तर पुन्हा आल्यावर ती आपोआप सुरू होत नाही. म्हणून तर रात्रीच्या लाईटसाठी शेतकरी वेगळा ‘ऑटो’ बसवून घेतात. या सगळ्यामागे एकच युक्ती आहे. स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर म्हणजे कॉइलच्या चुंबकाने ओढला जाणारा मोठा स्विच. तो ओढला गेला की त्याचाच एक छोटा कॉन्टॅक्ट (१३-१४) जुळतो आणि हिरव्या बटणाला समांतर वाट करून देतो. बटण सुटलं तरी कॉइलला करंट मिळत राहतो. वायरमन त्याला ‘होल्डिंग’ म्हणतात.

लातूरच्या एखाद्या डाळ मिलमध्ये हेच काम पीएलसीकडे, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकाकडे असतं. तिथे होल्डिंगची तार नसते, प्रोग्रॅममध्ये एक ओळ असते:

```
   I0.0         I0.1        Q0.0
---| |---+------| |---------( )---
   Q0.0  |
---| |---+
```

I0.0 म्हणजे स्टार्ट, I0.1 म्हणजे स्टॉप, Q0.0 म्हणजे कॉन्टॅक्टरच्या कॉइलकडे जाणारं आउटपुट. स्टॉपचं बटण मुळातच जुळलेलं असतं, दाबल्यावर उघडतं. त्यामुळे एरवी I0.1 वर व्होल्टेज असतं आणि ओळीत साधा उघडा कॉन्टॅक्ट काढावा लागतो. नवशिके इथे हमखास गोंधळतात. पण फायदा मोठा आहे: उंदराने स्टॉपची तार कुरतडली तरी मोटर थांबते.

खरी गफलत खालच्या फांदीत आहे. तिथे होल्डिंग Q0.0 चं, म्हणजे पीएलसीने स्वतःच दिलेल्या हुकमाचं आहे. तो हुकूम कॉन्टॅक्टरने पाळला की नाही, हे या ओळीला कळत नाही.

तूर वर चढवणारा ५ एचपीचा बकेट एलिव्हेटर घ्या. ४१५ व्होल्टवर त्याची मोटर पूर्ण भाराला साधारण साडेसात अँपिअर घेते आणि ओव्हरलोड रिले तेवढ्यावरच लावलेला आहे. खाली बूटमध्ये, म्हणजे एलिव्हेटरच्या तळाच्या पेटीत तूर तुंबते, पट्टा अडतो, करंट सहा-सात पट होतो. रिलेमधल्या द्विधातूच्या पट्ट्या तापून वाकतात आणि काही सेकंदांत ९५-९६ हा कॉन्टॅक्ट उघडतो. पुष्कळ पॅनेलमध्ये हा कॉन्टॅक्ट थेट कॉइलच्या तारेत असतो, पीएलसीला त्याची खबरच नसते. कॉन्टॅक्टर पडतो, मोटर थांबते. पण Q0.0 चालूच, कारण तो स्वतःलाच धरून बसलाय.

आता एक जण बूटचं झाकण काढून हाताने तूर उपसतोय. पट्ट्या थंड झाल्यावर दुसरा पॅनेलवर जाऊन रिलेचं निळं रिसेट दाबतो. ९५-९६ जुळतो, कॉइलला करंट मिळतो आणि कुणीही स्टार्ट न दाबता एलिव्हेटर सुटतो.

हा दोष वर्षानुवर्षं लपून राहू शकतो. ट्रिप झाल्यावर आधी लाल बटण दाबायची सवय असलेला ऑपरेटर असला, की Q0.0 बंद होतो आणि सगळं सुरळीत दिसतं. सुट्टीवर गेलेल्या ऑपरेटरच्या जागी नवा माणूस आला की मग कळतं.

तपासणी सोपी आहे, पण ती इलेक्ट्रिशियननेच करावी. मोटरचा पॉवर सप्लाय काढून फक्त कंट्रोल सप्लाय ठेवायचा, स्टार्ट द्यायचा आणि रिलेवरचं टेस्ट बटण दाबायचं. कॉन्टॅक्टर पडूनही पीएलसीवर Q0.0 चा दिवा लागलेलाच असेल, तर दोष आहे. रिसेट केल्याबरोबर कॉन्टॅक्टर ‘खट्ट’ वाजला, की उरलासुरला संशयही फिटतो.

इलाज दोन तारांचा आहे. कॉन्टॅक्टरचा १३-१४ कॉन्टॅक्ट I0.2 वर आणायचा आणि खालच्या फांदीत Q0.0 च्या जागी I0.2 लिहायचा. मग कॉन्टॅक्टर कुठल्याही कारणाने पडला तरी होल्डिंग तुटतं. ओव्हरलोड असो, कॉइलचा फ्यूज असो, पुन्हा स्टार्ट दाबल्याशिवाय मोटर हलत नाही. दुसरी तार ओव्हरलोडच्या ९७-९८ ची. हा कॉन्टॅक्ट ट्रिप झाल्यावर जुळतो. त्याने पॅनेलवर दिवा लावता येतो, म्हणजे मोटर कशाने थांबली हे शोधत बसावं लागत नाही. ९५-९६ मात्र कॉइलच्या तारेतच राहू द्यावा. पीएलसी अडकला तरी त्याने मोटर थांबली पाहिजे.

१३-१४ वर धूळ बसली तर स्टार्ट दाबून धरेपर्यंतच मोटर चालते. त्रासदायक बिघाड, पण सुरक्षित बाजूचा. उलटा बिघाड वाईट: कॉन्टॅक्टरचे मुख्य कॉन्टॅक्ट वितळून चिकटले, तर स्टॉप दाबूनही मोटर फिरत राहते. तेव्हा स्टॉप दाबून धरलेला असेपर्यंत सहसा Q0.0 बंद आणि I0.2 चालू अशी तफावत दिसते. ती अर्धा सेकंद टिकली की भोंगा वाजवणारी ओळ प्रोग्रॅममध्ये घालता येते. मोटर थांबवायला मात्र आयसोलेटरच खाली ओढावा लागतो.