तांब्याची फॉइल आणि ॲल्युमिनियमची फॉइल: वाहकतेचा मुद्दा आता सोडा

१८६५० आकाराचा लिथियम-आयन सेल कापून दाखवणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच वाक्य म्हणतो: 'तांबं उत्तम वाहक म्हणून ऋण बाजूला, ॲल्युमिनियम स्वस्त आणि हलकं म्हणून धन बाजूला.' हे ऐकून माझं डोकं फिरतं. दोन्ही बाजूंनी प्रवाह सारखाच जातो; मग एकाच बाजूला चांगला वाहक कशाला हवा?

सेलच्या आतल्या गुंडाळीची रचना बहुतेकांना माहीत असते, म्हणून थोडक्यात. सेपरेटर म्हणजे धन आणि ऋण पट्ट्यांना एकमेकींना टेकू न देणारा पातळ पडदा. धन पट्टी, सेपरेटर, ऋण पट्टी, पुन्हा सेपरेटर असे चार थर, सुरळीच्या वडीसारखे गुंडाळलेले. दुसरा सेपरेटर नसेल, तर पहिल्या वेढ्यानंतर धन आणि ऋण पट्ट्या पाठीला पाठ लावून शॉर्ट होतील. फॉइलच्या दोन्ही अंगांना लेप असतो, फक्त टॅब, म्हणजे प्रवाह बाहेर नेणारी धातूची पट्टी, जोडायची जागा कोरी ठेवतात. ग्रॅफाइटचा लेप तांब्यावर, निकेल-कोबाल्ट ऑक्साइडसारख्यांचा ॲल्युमिनियमवर.

आता वाहकतेचा हिशेब करूनच टाकू. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६० टक्के, म्हणजे १० मायक्रॉन तांब्याइतका रोध हवा असेल तर सुमारे १६ मायक्रॉन ॲल्युमिनियम लागेल. पण तांब्याची घनता ८.९६ आणि ॲल्युमिनियमची २.७०. त्यामुळे ती जाड फॉइलसुद्धा वजनाला तांब्याच्या निम्मीच भरते. प्रश्न फक्त वाहकता, वजन आणि किमतीचा असता, तर दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच दिसलं असतं.

खरं कारण विभवात आहे. सेलचे ४.२ व्होल्ट म्हणजे दोन बाजूंमधला फरक. लिथियम धातूला शून्य धरलं, तर भरलेल्या सेलमध्ये ग्रॅफाइटची बाजू ०.१ व्होल्टच्या आसपास असते आणि धन बाजू ४.३च्या. सुमारे ०.३ व्होल्टच्या खाली ॲल्युमिनियम लिथियमशी मिश्रधातू करतं. ते ऋण बाजूला लावलं, तर ग्रॅफाइट पुरतं भरण्याआधीच फॉइल लिथियम शोषू लागेल, फुगेल, ठिसूळ होऊन तिचा चुरा होईल. तांबं लिथियमशी असा संग करत नाही, म्हणून ते तिथे आहे.

तेच तांबं धन बाजूला लावलं, तर साधारण ३.४ व्होल्टच्या वर विरघळू लागेल. पुस्तकातल्या कोष्टकाप्रमाणे ॲल्युमिनियम तर त्याच्याही कितीतरी आधी, १.४ व्होल्टच्या आसपासच विरघळायला हवं. पण त्याच्यावर ऑक्साइडचा थर असतो आणि इलेक्ट्रोलाइटमधल्या LiPF₆ मिठातून आलेल्या फ्लोरिनमुळे त्यावर फ्लोराइडचं कवच बसतं. धन बाजूला ॲल्युमिनियम टिकतं ते या कवचाच्या जोरावर.

याचा फटका बसतो तो शून्यावर गेलेला सेल 'जिवंत' करणाऱ्यांना. सेल २.५ व्होल्टच्या खाली ओढत नेला की धन बाजू फारशी खाली येत नाही. ऋण बाजूच वर चढते. मीटरवर शून्य दिसतं तेव्हा दोन्ही बाजू एकाच विभवावर, ३ व्होल्टच्या वर कुठेतरी भेटलेल्या असतात. म्हणजे तांब्याची फॉइल तिच्या विरघळण्याच्या हद्दीत गेलेली असते. सुटलेलं तांबं इलेक्ट्रोलाइटमध्ये भटकतं आणि पुन्हा चार्ज करताना नको तिथे धातू म्हणून जमतं. त्याचे काटे सेपरेटर भेदू शकतात. असा सेल चार्ज होतो, ४.२ दाखवतो, आणि चार्जर काढून ठेवल्यावर काही दिवसांत स्वतःच घसरत जातो. चार्जिंगला न शोभणारा गरमपणा ही दुसरी खूण. कमी प्रवाहाने हळूहळू चार्ज केलं तरी विरघळलेलं तांबं पुन्हा फॉइल होत नाही. असे सेल मी सरळ भंगारात काढतो.

टॅबचंही तसंच. धन टॅब ॲल्युमिनियमचा, कारण तिथलं विभव तेच. ऋण टॅब बहुधा निकेलचा किंवा निकेल-तांब्याचा, कारण तो डब्याच्या तळाला वेल्ड करायचा असतो: गुंडाळीच्या मधल्या पोकळीतून वेल्डिंगच्या इलेक्ट्रोडची सळई घालून. निव्वळ तांबं इतकं चांगलं वाहक की वेल्डिंगची उष्णता एका जागी साठतच नाही. निकेलचा मुलामा दिलेला पोलादी डबा ऋण विभवावर सुरक्षित राहतो, म्हणून अख्खा डबाच ऋण असतो, वर धन टोपीभोवतीची कडासुद्धा. प्लास्टिकचं वेष्टण तिथे फाटलं, तर टोपीला लावलेली निकेलपट्टी कडेला टेकून थेट शॉर्ट होतो.

विभवाचं हे कारण पटत नसेल तर दोन सेल बघा. लिथियम टायटनेटची ऋण बाजू १.५५ व्होल्टवर चालते, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या हद्दीच्या खूप वर. तिथे दोन्ही फॉइल ॲल्युमिनियमच्या चालतात. सोडियम-आयनमध्ये सोडियम धातूला शून्य धरलं, तर ऋण बाजू शून्याजवळ जाते, तरीही ॲल्युमिनियम चालतं, कारण ते सोडियमशी मिश्रधातू करत नाही. तांबंच नसल्याने असा सेल शून्य व्होल्टवर नेऊनही पाठवता येतो.