अठ्ठावन्नच्या आधीचं पेन्शन कायमचं कमी का राहतं?

२०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे भागांतल्या पन्नाशी ओलांडलेल्या कामगारांपुढे तेव्हा प्रश्न उभा राहिला: पीएफबरोबरचं पेन्शन आताच सुरू करावं, की ५८ वर्षं पूर्ण होईपर्यंत थांबावं? आता कमी मिळालं तरी ५८ व्या वर्षी ते पूर्ण होईल, असं अनेकांना वाटतं. ते होत नाही. कारण योजनेच्या बांधणीत आहे.

१९७१ ची जुनी योजना फक्त कुटुंब पेन्शनची होती. कामगार गेल्यावर घरच्यांना आधार, एवढाच तिचा हेतू. १६ नोव्हेंबर १९९५ ला ईपीएस-९५ ही कर्मचारी पेन्शन योजना आली आणि कामगाराला स्वतःला म्हातारपणी पेन्शन मिळू लागलं. त्यासाठी मालकाच्या वर्गणीतून पगाराच्या ८.३३ टक्के रक्कम एका सामाईक निधीत जाते. पीएफसारखी प्रत्येकाच्या नावावर शिल्लक नसते. पेन्शन सूत्राने ठरतं: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०.

हे सूत्र ५८ वय धरून आहे. आधी सुरू केलं तर निधीला तोच माणूस जास्त महिने सांभाळावा लागतो. म्हणून ५० पासून घेण्याची मुभा देताना कपातही ठेवली: आधी वर्षाला ३ टक्के, सप्टेंबर २००८ पासून ४ टक्के. हे उचल घेतल्यासारखं नाही, की ५८ पर्यंत फेड झाली आणि कपात थांबली. जास्तीच्या महिन्यांचा भार उरलेल्या सगळ्या आयुष्यावर पसरलेला असतो, त्यामुळे मंजुरीवेळी ठरलेला आकडा पुढे तसाच राहतो. शिवाय या पेन्शनला महागाई भत्ता नाही.

समजा, ५४ व्या वर्षी काम सुटलेल्या कामगाराचं ५८ व्या वर्षीचं पेन्शन ३,००० रुपये बसतं. आताच घेतलं तर चार वर्षांची १६ टक्के कपात होऊन २,५२० रुपये मिळतील, म्हणजे महिन्याला ४८० कमी. पण ५८ पर्यंतच्या ४८ महिन्यांत त्याच्या हाती १,२०,९६० रुपये आलेले असतील. थांबणाऱ्याला ही रक्कम महिन्याला ४८० ने भरून काढायला २५२ महिने, म्हणजे २१ वर्षं लागतात. बरोबरी होते ती ७९ व्या वर्षी.

आधी घेणाऱ्याने ही रक्कम खर्च न करता बँकेत ठेवली, तर ५ टक्क्यांनीसुद्धा ५८ व्या वर्षापासून तिचं व्याज महिन्याला ५०० च्या वर येतं. ते ४८० च्या तुटीहून जास्त आहे. म्हणून ‘थांबणं नेहमी शहाणपणाचं’ हा सल्ला इथे आकड्यांवर टिकत नाही. ४ टक्के हा दर थांबणाऱ्याला पुरेसा मोबदला देत नाही.

५८ नंतर थांबण्याचंही तेच. २०१६ पासून ६० पर्यंत पेन्शन लांबवता येतं आणि दोन वर्षांनी ते ८.१६ टक्के वाढतं. ३,००० चे साधारण ३,२४५ होतात, पण मधले ७२,००० सोडावे लागतात. ते भरून निघायला २४ वर्षांहून जास्त काळ लागतो.

मग थांबावं कोणी? आलेले पैसे घरखर्चात जाणार असतील, तर ५८ नंतर आयुष्यभर महिन्याला ४८० रुपयांची उणीव सोसावी लागेल आणि म्हातारपणी कमावण्याचं दुसरं साधन नसेल. जोडीदार बराच लहान असेल तर तेही पाहावं. पेन्शन सुरू झाल्यावर सभासद गेला, तर जोडीदाराला त्याच्या पेन्शनच्या निम्मं मिळतं, म्हणजे १,५०० ऐवजी १,२६०. उलट घरात महाग व्याजाचं कर्ज असेल तर आधी घेऊन ते फेडणं आमच्या मते बरं.

खरा फरक पाडते ती पीएफ लागू असलेली दुसरी नोकरी. अशी नोकरी चालू असताना आधीचं पेन्शन घेताच येत नाही, पण १५,००० रुपये पेन्शनपात्र पगारावर सेवेचं प्रत्येक वर्ष सूत्रात सुमारे २१४ रुपये वाढवतं. नुसतं वर्षभर थांबल्याने वाचतात १२०. म्हणून हॉटेलात किंवा वेर्ण्याच्या कारखान्यात काम मिळत असेल, तर मालक पीएफ भरतो का हे आधी विचारावं आणि जुनी सेवा त्याच यूएएनला, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकाला, जोडून घ्यावी.

पेन्शनच्या अर्जाचा १०-डी फॉर्म भरण्यापूर्वी जन्मतारीख तपासा. पीएफच्या नोंदीत आणि आधारवर ती वेगळी असेल तर अर्ज अडतो, आणि नोंदीत वय एक वर्षाने कमी लागलं असेल तर ४ टक्के जादा कपात बसते. जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली आहे ना, हेही पाहा. बंद पडलेल्या कंपन्यांच्या बाबतीत ती बऱ्याचदा राहून गेलेली असते. लवकर पेन्शन घेताना ते कोणत्या तारखेपासून हवं हे फॉर्ममध्ये लिहायचं असतं, आणि कपात त्या तारखेच्या वयावरूनच ठरते.