होम लोन किती मंजूर होईल? बँकेचा हिशेब समजून घ्या

जुळे सोलापुरातल्या ४२ लाखांच्या फ्लॅटसाठी अर्ज केला आणि बँक म्हणाली, १८ लाख देऊ. असं का होतं, ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू.

अर्जदाराचा हातात येणारा पगार ५२,००० रुपये. सगळ्या हप्त्यांसाठी किती पगार धरायचा, हे प्रत्येक बँक उत्पन्न पाहून ठरवते. इथे निम्मा, म्हणजे २६,००० धरू. त्यातून चालू हप्ते वजा होतात: मोटरसायकलचे ३,५०० आणि पगारातून कापली जाणारी पतसंस्थेची ६,००० ची कपात. ही कपात सिबिलमध्ये दिसली नाही तरी पगारपत्रकात दिसतेच, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. उरले १६,५००. ९ टक्के व्याज आणि २० वर्षं मुदत धरली, तर लाखाला साधारण ९०० रुपये हप्ता बसतो. म्हणून कर्ज साधारण १८ लाख ३३ हजार.

पतसंस्थेचं कर्ज फेडून बेबाकी दाखला जोडला, तर हीच पात्रता २५ लाखांवर जाते. पत्नी युनिफॉर्मच्या कारखान्यात काम करते आणि तिचा १४,००० पगार खात्यात जमा होतो. तिला सहअर्जदार केलं की आकडा ३२ लाखांच्या पुढे जातो. तोच पगार रोखीने मिळत असेल, तर बँक बहुधा तो धरतच नाही.

पण आता दुसरी मर्यादा आडवी येते. बँकेच्या व्हॅल्युअरने फ्लॅटची किंमत ३८ लाख काढली. करारातली किंमत आणि मूल्यांकन यांतला कमी आकडाच धरतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० आणि त्यापुढे ७५ टक्के ही कमाल मर्यादा आहे. ३८ लाखांचे ८० टक्के म्हणजे ३० लाख ४० हजार. उत्पन्नाचा हिशेब ३२ लाखांचा असला तरी कर्ज एवढंच. उरलेले ११ लाख ६० हजार स्वतःचे घालायचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी वेगळी, कारण १० लाखांपर्यंतची छोटी घरं सोडली तर हा खर्च घराच्या किमतीत धरत नाहीत. बिल्डरला काही रक्कम 'वरून' द्यायची ठरली असेल, तर तीही बँकेच्या हिशेबात नाही.

पगारदारांकडून सहसा तीन महिन्यांची पगारपत्रकं, दोन वर्षांचे फॉर्म १६ आणि सहा महिन्यांचं खाते विवरण मागतात. यंत्रमागवाल्यांना किंवा दुकानदारांना दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं लागतात. उलाढाल कितीही असो, बँक विवरणपत्रातला नफा पाहते. कर वाचवायला तो कमी दाखवला असेल, तर पात्रता इथेच घटते.

मालमत्तेसाठी करारनामा, मंजूर नकाशा, बिनशेती आदेश, सातबारा किंवा मिळकतपत्रिका लागते. गुंठेवारीतला प्लॉट नियमित केलेला नसेल, तर पगार कितीही असला तरी फाईल बहुधा वकिलाच्या टेबलावरच अडते. म्हणून इसार देण्याआधी हे कागद बँकेच्या वकिलाला दाखवून घ्या.