व्हीआयएफच्या ‘दहा’ची पार्श्वभूमी

अभ्यासक्रमाच्या प्रकल्प-अहवालांत एक वाक्य वारंवार आढळते: “व्हीआयएफ दहापेक्षा जास्त आल्याने हा चल वगळला.” व्हीआयएफ म्हणजे ‘व्हेरिअन्स इन्फ्लेशन फॅक्टर’: इतर चलांशी असलेल्या नात्यामुळे एखाद्या सहगुणकाचे प्रचरण किती पट फुगले, हे सांगणारा आकडा. त्यासाठीचा हा दहा कोठून आला, हे बहुधा ना लिहिणाऱ्याला ठाऊक असते ना तपासणाऱ्याला. त्याचा माग काढताना रिग्रेशनचा फार जुना इतिहास उगाळण्याची गरज नाही. लघुतम वर्गांची पद्धत 1805 मध्ये छापून आली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती सामाजिक आकडेवारीला लावली जाऊ लागली, एवढे पुरे. अनेक चल एकत्र घेतले की प्रत्येक सहगुणकाचा अर्थ ‘बाकीचे चल स्थिर असताना’ असा होतो. खरी अडचण या शब्दांतच दडलेली आहे. दोन चल नेहमी हातात हात घालून बदलत असतील, तर एक स्थिर असताना दुसरा बदललेला दाखवणारी निरीक्षणे विदेत जवळजवळ नसतातच.

या अडचणीला आज मल्टिकोलिनिॲरिटी म्हणतात. हा शब्द 1934 साली अर्थमितीत आला, पण तेव्हाचा त्याचा अर्थ आजच्याहून निराळा होता. मोजमापातील चुका बाजूला सारल्यास खऱ्या चलांमध्ये एकाहून अधिक अचूक रेषीय नाती एकाच वेळी असू शकतात, आणि अशा वेळी रिग्रेशन काढणेच निरर्थक ठरते, असा तो मुद्दा होता. पुढच्या तीन दशकांत शब्द तोच राहिला आणि अर्थ सैल होत गेला. ‘नाते आहे की नाही’ या प्रश्नाची जागा ‘सहसंबंध किती जास्त आहे’ या प्रश्नाने घेतली. अचूक नाते असल्यास सहगुणक एकमेव ठरत नाहीत. जवळजवळ नाते असल्यास ते ठरतात, फक्त अस्थिर असतात. या दोन गोष्टींना आजही एकच नाव आहे, आणि अहवालांतला बराचसा गोंधळ त्यातून येतो. 1967 मध्ये मल्टिकोलिनिॲरिटीसाठी सार्थकतेची चाचणीही सुचवण्यात आली, मात्र हा गुण हाती आलेल्या नमुन्याचा आहे, समष्टीविषयीच्या गृहीतकाचा नाही, असा रास्त आक्षेप तिच्यावर घेतला गेला.

मग 1970 साल आले. त्या वर्षी रिज रिग्रेशन या पद्धतीवरचे शोधनिबंध प्रसिद्ध झाले. सहगुणकांत जाणूनबुजून थोडा पक्षपात पत्करायचा आणि त्या बदल्यात त्यांचे प्रचरण घटवायचे, ही तिची कल्पना आहे. किती पक्षपात पत्करावा याचा अंदाज म्हणून त्याच वर्षीच्या एका निबंधात असे सुचवले होते की सर्वांत मोठा व्हीआयएफ साधारणतः एकापेक्षा अधिक असावा, पण दहाइतका तर नक्कीच नसावा. म्हणजे मुळात दहा हा पक्षपाताचे प्रमाण ठरवण्याचा ठोकताळा होता. चल ठेवावा की काढावा, याचा निकाल देण्यासाठी तो सांगितलेला नव्हता. पाठ्यपुस्तकांच्या वाटेवर कोठेतरी त्याचा मूळ संदर्भ गळून पडला आणि आकडा तेवढा मागे राहिला. कोणी तो पाचवर आणला, कोणी चारवर. या कडकपणामागे वेगळे गणित नाही. सावधपणाची हौस तेवढी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

व्हीआयएफ म्हणजे 1/(1−R²), आणि यातला R² हा त्या चलाचे उरलेल्या चलांवर रिग्रेशन केल्यावर मिळणारा. ‘फुगवटा’ कशाच्या तुलनेत, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो चल इतरांशी पूर्णपणे असंबद्ध असता, तर सहगुणकाचे जे प्रचरण आले असते त्याच्या तुलनेत. म्हणून व्हीआयएफ दहा असेल तर प्रमाण त्रुटी दहापट होत नाही, वर्गमुळाइतकी म्हणजे सुमारे 3.2 पट होते. शिवाय प्रचरणाच्या पूर्ण सूत्रात व्हीआयएफ एकटा नसतो:

```
Var(b_j) = σ² / [(n − 1) s_j²] × VIF_j
```

त्रुटीचे प्रचरण आणि चलाचा विस्तार तोच असेल, तर 401 निरीक्षणे आणि दहा व्हीआयएफ असलेला सहगुणक हा 41 निरीक्षणे आणि एक व्हीआयएफ असलेल्या सहगुणकाइतकाच अचूक असतो. पहिल्याला ‘दोष’ म्हणायचे आणि दुसऱ्याला निर्दोष सोडायचे, याला आधार नाही. ठोकताळ्यांविरुद्धचा हा युक्तिवाद 2007 मध्ये एका निबंधात सविस्तर मांडला गेला, तरी अहवालांतले ते वाक्य तसेच राहिले.

एक कल्पित प्रकल्प घेऊ. तीस घरांच्या किमतीचे रिग्रेशन क्षेत्रफळ आणि खोल्यांची संख्या यांवर केले आहे आणि सर्व चल प्रमाणित केले आहेत. किमतीचा क्षेत्रफळाशी सहसंबंध 0.80, खोल्यांशी 0.79, आणि क्षेत्रफळ व खोल्या यांचा आपसांत 0.95. दोन्ही चलांचा व्हीआयएफ 10.3 येतो. क्षेत्रफळाचा सहगुणक 0.51 आणि खोल्यांचा 0.31, दोघांची प्रमाण त्रुटी सुमारे 0.37 असल्याने टी-मूल्ये 1.4 आणि 0.8 येतात, म्हणजे दोन्ही असार्थक. तरीही संपूर्ण प्रतिमानाचा R² 0.65 आणि एफ-मूल्य जवळजवळ 25 आहे. विद्यार्थी येथे गडबडतो: दोघेही निरुपयोगी, मग दोघे मिळून एवढे उपयोगी कसे? उत्तर दोन सहगुणकांच्या बेरजेत आहे. ती 0.82 आहे, तिची प्रमाण त्रुटी केवळ 0.12 आहे आणि टी-मूल्य सातच्या आसपास जाते. घराचा एकूण आकार किमतीवर परिणाम करतो, हे विदा ठामपणे सांगते. त्यातले श्रेय क्षेत्रफळाचे किती आणि खोल्यांचे किती, एवढेच ती सांगू शकत नाही.

आता दहाच्या नियमाने खोल्या वगळल्या, की R² 0.65 वरून 0.64 वर येतो आणि क्षेत्रफळाचा सहगुणक 0.80 होऊन ‘सार्थक’ ठरतो. अहवालात हे यश म्हणून नोंदवले जाते. प्रत्यक्षात प्रश्नच बदललेला असतो: 0.80 मध्ये आता खोल्यांचा वाटाही मिसळला आहे आणि ‘खोल्या तेवढ्याच असताना’ ही अट गेली आहे. उद्देश किमतीचा अंदाज बांधण्याचा असेल आणि नवी घरेही अशीच असतील, तर यात फारसे बिघडत नाही. मात्र ‘त्याच क्षेत्रफळात एक खोली वाढवली तर काय’ असा प्रश्न असेल, तर ज्याच्यावरून उत्तर मिळायचे तो चलच बाहेर काढलेला असतो. तेथे मोठ्या पण कमी खोल्यांच्या घरांची निरीक्षणे मिळवणे हाच उपाय उरतो.

गेल्या काही वर्षांत व्हीआयएफ संगणकावर एका ओळीत निघू लागला आणि त्याबरोबर एक नवी चूक आली. पायथनच्या `statsmodels` मधील `variance_inflation_factor` स्थिरांकाचा स्तंभ स्वतःहून घालत नाही. तो नसेल तर R² मध्यापासून न मोजता शून्यापासून मोजला जातो. मध्य 5 आणि प्रमाण विचलन 1 असलेले दोन पूर्णपणे असंबद्ध चल असे दिले, तर प्रत्येकाचा व्हीआयएफ 13.3 दिसतो, खरा मात्र 1 असतो. सर्वच चलांचे व्हीआयएफ मोठे आणि सहसंबंधाचा तक्ता मात्र शांत, असे चित्र दिसले की आधी हेच तपासावे:

```
X = sm.add_constant(df[["area", "rooms"]])
variance_inflation_factor(X.values, 1)
```

येथे 0 हा क्रमांक स्थिरांकाचा आहे, म्हणून क्षेत्रफळासाठी 1 द्यावा लागतो. स्थिरांकासमोर येणारा व्हीआयएफ कितीही मोठा असला तरी तो वाचायचा नसतो.