करडे साहित्य : पुरावा म्हणून मूल्यमापन

व्यावसायिक प्रकाशकांच्या नियंत्रणाबाहेर निघणारे अहवाल, श्वेतपत्रिका, लेखापरीक्षणे, प्रबंध व संस्थांच्या पाहण्या यांना करडे साहित्य (ग्रे लिटरेचर) म्हणतात. साहित्य-आढाव्यात अशा मजकुराला किती वजन द्यावे, हा या नोंदीचा विषय आहे.

संज्ञेचा उगम वादग्रस्त आहे. काहींच्या मते ती जर्मन ‘ग्राउए लितेरातूर’वरून आली. इतर अभ्यासक ब्रिटिश ग्रंथपाल चार्ल्स ऑगर यांच्या अहवाल-साहित्यावरील १९७५ च्या ग्रंथाकडे बोट दाखवतात. १९७८ च्या यॉर्क येथील परिसंवादानंतर संज्ञा स्थिरावली, एवढे मानणे सुरक्षित वाटते. १९९७ च्या लक्झेंबर्ग व्याख्येने व्यावसायिक नियंत्रणाचा अभाव हा निकष धरला. २००४ साली न्यूयॉर्क येथे ‘प्रकाशन हे ज्या संस्थेचे मुख्य काम नाही’ अशी पुस्ती जोडली गेली. २०१० च्या प्राग व्याख्येने जतन करण्याजोग्या गुणवत्तेची अटही घातली. मात्र ‘करडे’ हे प्रकाशनाच्या वाटेचे वर्णन आहे आणि गुणवत्ता ज्या त्या दस्तऐवजात तपासावी लागते, त्यामुळे आढाव्याच्या कामाला पहिल्या दोन व्याख्या अधिक सोयीच्या ठरतात.

मूल्यमापनासाठी ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाच्या जेस टिंडल यांनी २०१० मध्ये मांडलेली AACODS ही तपासणीसूची बरीच वापरली जाते. कर्त्याचा अधिकार, अचूकता, व्याप्ती, वस्तुनिष्ठता, तारीख व महत्त्व हे तिचे सहा निकष होत. या सहांना गुण देऊन बेरीज करणे फसवे ठरते, कारण एका निकषावरचा गंभीर दोष उरलेल्या पाचांनी भरून निघत नाही.

महाराष्ट्रातील सिंचनाच्या आकड्यांचा वाद हे अशा मूल्यमापनातील अडचणींचे बोलके उदाहरण. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत एकूण पिकाखालील क्षेत्राशी एकूण सिंचित क्षेत्राचे प्रमाण २००१-०२ मध्ये १७.८ टक्के आणि २००९-१० मध्ये १७.९ टक्के दाखवले होते. त्यावरून ‘दशकभरात सिंचन ०.१ टक्काच वाढले’ हे विधान सर्वत्र पसरले. २०१२ च्या अखेरीस सरकारने श्वेतपत्रिका काढून वाढ बरीच अधिक असल्याचे मांडले. दोन्ही दस्तऐवज सरकारीच असल्याने ‘सरकारी म्हणून विश्वासार्ह’ किंवा ‘सरकारी म्हणून संशयास्पद’ हा निकष येथे निरुपयोगी ठरतो.

आढावाकर्त्याने अशा वेळी आकडा मूळ नोंदीपर्यंत न्यावा. आर्थिक पाहणी अर्थ व सांख्यिकी संचालनालय संकलित करते, पण त्या काळी क्षेत्राच्या आकड्यांच्या तळाशी तलाठ्याची पीकपाहणी, म्हणजे गाव नमुना बारा, असे. ती शेतावर न जाता भरली गेल्यास चूक थेट राज्याच्या तक्त्यात उतरे. जलसंपदा विभाग मात्र आपल्या प्रकल्पांच्या लाभक्षेत्रातील सिंचन मोजतो आणि तेथील विहिरींवरचे सिंचनही हिशेबात घेतो. शिवाय निर्माण झालेली सिंचनक्षमता आणि प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र या वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमतेची वाढ भिजलेल्या जमिनीची वाढ म्हणून उद्धृत झाली, तर दोन्ही अहवाल बरोबर असूनही आढावा चुकतो.

‘०.१ टक्का वाढ’ हेही काळजीपूर्वक वाचावे. तो दोन प्रमाणांमधला फरक आहे, क्षेत्राच्या वाढीचा दर नव्हे. पिकाखालील क्षेत्र वाढले तर सिंचित क्षेत्र वाढूनही प्रमाण जागेवर राहू शकते. त्यात २००९ हे देशभर अपुऱ्या पावसाचे वर्ष होते आणि शेवटचा बिंदू दुष्काळी असला की सारी मालिका चपटी दिसते. श्वेतपत्रिकेची अडचण निराळी : ज्या खात्याच्या कामावर प्रश्न उठले, त्याच खात्याची माहिती तिचा आधार आहे. तेवढ्यासाठी ती टाकून देऊ नये. खात्याने काय मोजले व काय मान्य केले याचा ती उत्तम पुरावा आहे, पण खात्याच्या स्वतःच्या यशाबद्दलच्या दाव्यापुरते तिला कमी वजन द्यावे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल स्वायत्त असले, तरी ते निवडक प्रकल्पांची तपासणी करतात. त्यांतून दोषाचे स्वरूप कळते, राज्यभरची सरासरी काढता येत नाही.

एकच तक्ता पाच अहवालांत आला, तर तो पाच पुरावे ठरत नाही. हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे तळटीप आणि जुळणारे दशांश. स्वयंसेवी संस्थांच्या अहवालांत ही पुनरुक्ती वारंवार आढळते. त्यांची खरी मोलाची बाजू म्हणजे स्वतः केलेले क्षेत्रकाम, उदाहरणार्थ कालव्याच्या शेपटाकडील गावांच्या पाहण्या. अशा वेळी गावे कशी निवडली, तक्रार होती म्हणूनच निवडली का, आणि निधी कोणाचा होता, हे अहवालातच शोधावे. ते सांगितलेले नसेल, तर अहवालातील वर्णन वापरावे, टक्केवारी वापरू नये.

करडे साहित्य वगळण्याचाही तोटा आहे. वैद्यकीय पुराव्याचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या चाचण्यांवरील २००७ च्या एका आढाव्यात प्रकाशित चाचण्यांतील उपचारपरिणाम करड्या साहित्यातील चाचण्यांपेक्षा सरासरी सुमारे ९ टक्क्यांनी मोठा आढळला. सामाजिक शास्त्रांत हा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही.

उद्धृत करताना अहवालाचे वर्ष, तक्ता क्रमांक, आकडे ‘अस्थायी’ असल्यास तसा उल्लेख आणि पाहिल्याची तारीख द्यावी. पुढच्या वर्षीच्या पाहणीत मागील वर्षाचे आकडे सुधारले जातात आणि संकेतस्थळावरची जुनी प्रत नाहीशी होऊ शकते, म्हणून स्वतःची प्रत जपून ठेवणे इष्ट.